हातांसाठी राखलेली जागा

गोदामाला आग लागली तर काय करावं, हे कामगारांना समजावून सांगायचं दौलतशेठनी मनावर घेतलं, तेव्हा त्यांच्याच एका गोदामाला आग लागून गेली होती. कोणी मेलं नाही, त्यामुळे बातमी झाली नाही. तरी एक बातमी होता होता राहिली. तिचं नाव विपुल.

विपुलला जन्मापासून ऐकू येत नाही. भोंगा वाजला, माणसं पळाली आणि हा खोक्यांच्या रांगेमागे चिकटपट्टी मारत उभा. नाकात धूर गेला तेव्हा भानावर आला आणि रोज जायचा तसाच समोरच्या शटरकडे निघाला. आग तिथेच होती. एका हमालाने कॉलर धरून मागच्या दाराने बाहेर काढला. दौलतशेठ अध्यक्ष असलेल्या गोदाम सुरक्षा समितीच्या अहवालात 'किरकोळ गोंधळ' म्हणून जो उल्लेख आहे, तो हाच.

पुढे त्याच समितीची जनजागृतीची चित्रफीत करायचं काम भिवंडीच्या धामणकर नाक्यावर, मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावरच्या स्टुडिओला मिळालं. संहिता लिहायची होती भाविकाने. भाविका विपुलची धाकटी बहीण. आपल्या भावाला दार कुठलं ते कळावं, एवढ्याच एका स्वार्थापोटी तिने समाजकार्य पत्करलं.

एरवी संहितेला दोन रकाने असतात, एक दृश्याचा, एक आवाजाचा. भाविकाने तिसरा पाडला, सांकेतिक भाषेच्या दुभाषीचा. दुभाषी म्हणजे नेत्रा, ठाण्याहून यायची होती. तिच्याशी बोलून भाविकाने लिहिलं: नेत्राची चौकट खाली उजव्या कोपऱ्यात, पडद्याच्या एक तृतीयांश रुंदीची. डोक्यावर थोडी मोकळी जागा, खाली कमरेपर्यंत, कोपरं पसरली तरी आत. मागे साधा पडदा, अंगात बिननक्षीचा कुर्ता. चौकटीवर नाव, पट्टी, बोधचिन्ह काहीही येऊ नये. भोंगा वाजतो तिथे 'भोंगा वाजतोय' हे दुभाषीने हातांनी सांगावं. आणि जागोजागी लिहिलं: 'थांबा.'

"ताई, हे थांबा थांबा काय?" संकलक प्रितेशने विचारलं. "एसटीचे थांबे हायत का?"

"नेत्रा वाक्य ऐकते, मग हातांनी सांगते. ती आवाजाच्या मागेच असणार. आवाज संपला तरी तिचं सांगणं संपलेलं नसतं. हातांच्या भाषेत 'नका' तर अगदी शेवटी येतं."

"बरं. आणि हा दुसरा? दाराचं दृश्य चाललंय, तिथे तर कोणी बोलतच न्हाय."

"तेव्हा नेत्रा हात खाली घेऊन दाराकडे बघेल. म्हणजे बघणाराही तिकडे बघेल. तू दार बघत माझं ऐकू शकतोस. दादाला एका वेळी एकच बघता येतं, एक तर हात, नाहीतर दार."

प्रितेशने मान हलवली. मान हलवण्यात त्याचा हात धरणारा भिवंडीत कोणी नव्हता.

"आणि कापाकापी झाली की नेत्राला दाखव," भाविका म्हणाली. ते तिने संहितेच्या तळाशीही ठळक लिहिलं होतं.

दौलतशेठनी संहिता ऐकली आणि तिसऱ्या रकान्यावर ते बेहद्द खूश झाले.

"ही हातवारेवाली बाई लय भारी आयडिया हाय. मंत्रालयाच्या जाहिरातीत असते तशी. पोरी, ती माझं नाव पण करंल ना हातानं?"

"करता येतं शेठ. एकेक अक्षर करून दाखवावं लागतं. वेळ लागतो."

"लागू दे. पूर्ण नाव घे. दौलत राघो भोईर, अध्यक्ष. मग उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार. एक पण सुटला तर माझ्या घरी येऊन बसतील. पण फिलिम लांबवू नको हां. तीन मिनिटांच्या वर व्हॉट्सॲपला कुत्रं बघत न्हाय."

चित्रण भाविकासमोर झालं. नेत्राने गडद निळा कुर्ता घातला होता. मागच्या दाराच्या वाक्यासाठी तिने तीनदा हात केले, तिसऱ्यांदा भाविकाचंही समाधान झालं. मग पदाधिकाऱ्यांची नावं आली. 'खजिनदार'पर्यंत पोचेस्तोवर नेत्राची बोटं दुखली. संकलनाला तिला कोणी बोलावलं नाही. भाविकाने दोनदा फाइल मागितली, तर प्रितेशचं उत्तर आलं, 'एक्सपोर्ट होतंय.' ते प्रकाशनाच्या सकाळपर्यंत होतच होतं.

प्रकाशन गोदामातच ठेवलं होतं. हार, समई, फ्लेक्सवर समितीची सगळी तोंडं. समोर कामगार सतरंजीवर आणि पहिल्या ओळीत, 'आमचे दिव्यांग बांधव' म्हणून, विपुल आणि त्याच्यासारखे आणखी तिघे. त्यांच्यासाठी दुभाषी बोलवायचं कोणाला सुचलं नव्हतं. दौलतशेठचं त्यांच्याविषयीच्या कळकळीचं भाषण त्यांनी शेठच्या मिशांवरून समजून घेतलं.

चित्रफीत सुरू झाली. चौकट मोठी, हात पूर्ण आत, वर एकही पट्टी नाही. भाविकाने श्वास सोडला. पडद्यावर धूर आला. निवेदक म्हणाला, "समोरच्या शटरकडे धावू नका. मागच्या दाराने बाहेर पडा." निवेदक थांबला. नेत्राच्या हातांनी आग दाखवली, समोरचं शटर दाखवलं, ते पुढचं काही सांगायला वळले, आणि पडदाभर दौलतशेठ हात जोडून उभे राहिले.

"नमस्कार!"

मग कोपऱ्यात नेत्रा त्यांचं नाव एकेका अक्षराने करू लागली. अगदी सावकाश. एकही अक्षर सुटलं नाही. मागच्या दाराचं दृश्य आलंच नाही.

भाविका उठून प्रितेशपाशी गेली. "थांबे कुठे गेले?"

"ताई, नावंच एवढी लांब झाली. तीन मिनिटांत बसवायचं होतं. आवाज संपला तिथे कापलं. त्या दाराच्या दृश्यात तर कोणी बोलतच नव्हतं, रिकामी जागा होती."

"नेत्राला दाखवायचं लिहिलं होतं."

"शेठना दाखवलं ना! त्यांनी पास केली."

तेवढ्यात दौलतशेठनी माइकवरून विपुलला मंचावर बोलावलं. भाविकालाही. "विचार तुझ्या भावाला, काय समजलं? समद्यांना बघू दे."

भाविकाने घरातल्या खुणांनी विचारलं. विपुल गंभीर झाला. मंचाच्या मध्यभागी येऊन त्याने दोन्ही हातांनी ज्वाळा उठवल्या. मग समोरचं शटर धरून वर ढकललं. मग दौलतशेठकडे वळून हात जोडले. आणि मूकबधिर शाळेतल्या चार वर्षांत शिकलेली अक्षरं आठवत, बोटांनी त्यांचं नाव केलं. पूर्ण. आडनावासकट.

टाळ्या थांबेनात.

"शेठ," भाविका माइकजवळ जाऊन म्हणाली, "तो समोरच्या शटरकडे जायचं सांगतोय. चित्रफितीत त्याला एवढंच दिसलं. मागचं दार कापलं गेलंय."

टाळ्यांत ते पहिल्या ओळीपर्यंतही गेलं नाही. दौलतशेठपर्यंत मात्र गेलं. त्यांनी माइकवर हात ठेवला.

"पोरी, आता तालुक्यातल्या समद्या ग्रुपवर गेलीय. आणि बघ ना, माझं नाव आलं की त्याला! त्याला समजतंय. तूच उगाच अडचणी काढतेस." मग हात काढून ते माइकवर म्हणाले, "यालाच म्हणतात जनजागृती!" फोटो झाला. विपुलच्या खांद्यावर शाल आली.

खाली उतरल्यावर विपुलने बहिणीला कोपराने ढोसलं. त्याचे हात शालीखालून हलले: मागच्या वेळी आग शटरजवळच होती ना? मग तिकडेच का जायचं?

भाविकाने त्याचा हात धरला आणि खोक्यांच्या रांगांमधून गोदामाच्या टोकाला नेलं. एका वेळी एकच बघता येणाऱ्या माणसाला निदान दार तरी दाखवावं.

मागच्या दारासमोर कार्यक्रमाचं सामान लावलं होतं. उरलेल्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणि बांबूच्या चौकटीवर ताणलेला जादा फ्लेक्स. दाराची कडी दिसायला हवी होती तिथे फ्लेक्सवरचे दौलतशेठ हात जोडून हसत होते.

विपुलने फ्लेक्सकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि बरोबर समजल्याच्या समाधानाने परत हात जोडले.