खुर्ची सोड

कीबोर्डाची कड सचिनच्या भुवईवर बसली आणि कातडं फाटलं. रक्त डोळ्यात उतरलं. तरी तो हसतच होता.

"मार अजून. मेल्यावर तेवढंच येते तुले."

अनिमेषनं दुसऱ्यांदा कीबोर्ड उचलला तेव्हा यज्ञेश्वरनं मागून त्याच्या गळ्यात हात घातला आणि दोघंही कूलरवर आदळले. पाणी, वाळ्याची ताटी, वायरी, सगळं फरशीवर. पायल ओरडली, "अरे मेन बंद करा, करंट लागेल!" आणि तिनंच जाऊन मेन पाडला.

रायपूरच्या चौबे कॉलनीतली ही वरची खोली सचिनच्या बापाची. पाचही कॉम्प्युटर त्याच्याच पैशाचे. त्या दुपारी हे चौघं आणि यज्ञेश्वरचा धाकटा भाऊ असे पाच जण रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या मॅच, खेळत होते आणि ओळीनं हरत होते. पाच जण विरुद्ध पाच जण, बंदुका, बॉम्ब, आधी तेरा राउंड घेईल तो जिंकला. एक मॅच गेली की तोंडातून शिवी, हातातून पुन्हा बटण. 'ही शेवटची' म्हणत म्हणत संध्याकाळ झाली. शेवटच्या हारीवर सचिननं लगेच रेकॉर्डिंग लावलं आणि अनिमेष गेममध्ये जिथे मेला तो तुकडा सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा फिरवला. "पाहा, उरल्याचा लोहा. डोक्यात पण लोहाच." अनिमेषचे वडील बाबाराव उरला या कारखान्यांच्या भागात लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहेत. पुढचं कीबोर्डनं केलं.

गंधाली नवा रायपूरच्या ऑफिसातून आली तेव्हा सचिनच्या भुवईला टाके पडले होते. ती पूर्वी हाच खेळ खेळायची, आता यांची कोच. पर्स टेबलावर आपटून ती आधी अनिमेषकडे वळली.

"पुन्हा कोणावर हात उचलला तर बाहेर. शनिवारी क्वालिफायर आहे, तरी बाहेर. चौघं हरले तरी चालेल."

"हव दीदी."

अनिमेषला कळत होतं बाहेर म्हणजे कुठे. बाबारावांनी ठेकेदाराशी बोलून ठेवलं होतं. टीममध्ये नाही तर भट्टीवर.

मग ती सचिनकडे वळली. "आणि तू हारल्याबरोबर रेकॉर्डिंग काहून लावलं? रक्त गरम असताना कोणी शिकत नाही. त्यावेळी रेकॉर्डिंग म्हणजे मारहाणच."

"मी शिकवून राहिलो होतो."

"सोलून राहिला होतास."

त्या आठवड्यात तिनं कुत्र्याला लावतात तसं त्यांना वळण लावलं. लागोपाठ दोन हरले की खुर्ची सोडायची. मोबाईल वर, माणूस खाली. नळावर तोंड धुवायचं, कोपऱ्यापर्यंत चालून यायचं. वर आल्यावर पण हात शिवशिवत असले तर त्या दिवशी रँक्ड बंद. रेकॉर्डिंग पाहायचं, म्हणजे रिव्ह्यू, दुसऱ्या सकाळी, आणि प्रत्येकानं आधी स्वतःच्या चुकीचा तुकडा लावायचा. 'तू काय केलं' विचारायचं नाही. 'मला तेव्हा काय माहीत होतं, आणि मी काय ठरवलं' एवढंच सांगायचं. दोन राउंडच्या मध्ये माऊसवरून हात काढून श्वास सोडायचा.

शिवाय प्रत्येकानं आपली खूण सांगायची. टिल्ट, म्हणजे रागानं डोकं फिरणं, चढायला लागलं की आपण काय करतो.

"मले ज्यानं मारलं, त्यालेच मारायले मी पुन्हा त्याच कोपऱ्यात एकटा जातो," अनिमेष म्हणाला.

पायल म्हणाली ती बोलायचीच बंद होते. यज्ञेश्वर आणि त्याचा भाऊ शिव्या देतात, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं.

"मले नाही होत टिल्ट," सचिन म्हणाला.

गंधालीनं तेवढ्यावर विषय सोडला. मालकाच्या पोराला कोण विचारणार? इतरांचा तो राग, त्याची ती कॅप्टनशिप.

शनिवारी दुपारी क्वालिफायरचा निर्णायक मॅप. जिंकले तर मुख्य स्पर्धा. पहिल्या अर्ध्यात आठ-चार पुढे. मग बाजू बदलली आणि राउंड जायला लागले. सचिनचा आवाज चढत गेला. मॅपवर बॉम्ब लावायच्या दोन जागा, ए आणि बी. "बी! सगळे बी!" तिथे मेले. "पुन्हा बी!" पुन्हा मेले. गेममधले पैसे संपले होते. अशा वेळी एक राउंड सोडून द्यायचा, वाचवायचं आणि पुढच्या राउंडला पूर्ण हत्यारं घ्यायची. सचिन दर वेळी जे मिळेल ते घ्यायला लावून सगळ्यांना मरायला पाठवत होता.

आठ-दहा.

गंधाली मागे उभी होती, मुठी वळून. राउंड चालू असताना कोच बोलला तर टीम बाद. टाइमआउट मागायचा हक्क फक्त कॅप्टनला.

अनिमेषनं बाजूला पाहिलं. सचिनचा जबडा आवळलेला. मरून पडल्यावरही बोट माऊसवर खटखट करत होतं. अनिमेषला हे ओळखू येत होतं. स्वतःच्याच थोबाडाकडे पाहिल्यासारखं.

"सचिन भैया, टाइमआउट घे."

"चूप बस."

"घे ना. आपण तेच तेच करून राहिलो."

सचिननं हेडफोन सरकवला आणि उलटा हात फिरवला. अंगठीचा हात. अनिमेषचा ओठ दातावर फुटला. रक्त हनुवटीवरून टी-शर्टवर सांडलं.

"भट्टीवर जाऊन अक्कल शिकव! मले शिकवते, साला!"

पायल अर्धी उठली. अनिमेषच्या हाताला कीबोर्ड लागला होता. तो उचलून सचिनच्या दातांत घातला असता तर खोलीतल्या कोणालाच नवल वाटलं नसतं. त्याचे खांदे तसे उचललेही गेले. मग त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. लाल थुंकी गिळली.

"माझी चूक आधी," तो म्हणाला. "मागच्या राउंडले मी त्याच कोपऱ्यात एकटा गेलो. मले माहीत होतं तिथं दोघं आहेत. तरी गेलो. आता तू टाइमआउट घे."

सचिननं हेडफोन पुन्हा कानावर ओढला. त्यानं टाइमआउटचं बटण दाबलं.

"खुर्च्या सोडा!" गंधालीचा आवाज फुटला. "डावपेच नंतर. आधी उभे रहा, हात झटका. सचिन, तू पण. या राउंडले पैसे वाचवायचे. त्याच्यानंतर ए जागेवर जायचं, आणि राउंडमध्ये बोलणार फक्त पायल."

सचिन उभा राहिला. भिंतीवर बुक्की मारली, प्लास्टर पडलं. पण राउंड सुरू झाल्यावर तो गप्प होता आणि पायल बोलत होती. वाचवायचा राउंड गेला. आठ-अकरा. पुढचा घेतला. मग अजून एक. अनिमेष त्या कोपऱ्याकडे गेलाच नाही, तिथला शत्रू वाट पाहत बसला आणि बॉम्ब दुसरीकडे फुटला. तिथून एकही राउंड सुटला नाही. तेरा-अकरा.

कोणी नाचलं नाही. गंधालीनं हेडफोन काढले.

"हात उचलला तर बाहेर. असं ठरलं होतं."

"ते त्याच्यासाठी होतं," सचिन म्हणाला.

"आता तुझ्यासाठी पण आहे."

"माझी खोली. माझे पीसी."

"खोली ठेव. टीममधून निघ."

अनिमेष ओठाला गमछा लावून म्हणाला, "दीदी, मले एक मौका दिला होता. यालेही द्या. फक्त खूण सांगू द्या." तो सचिनकडे वळला. "सांग ना भैया. मी सांगितली. तुले काय होते?"

सचिननं सांगितलं असतं तर तिथेच मिटलं असतं. त्यानं अनिमेषच्या मॉनिटरची वायर उपटली, मॉनिटर छातीशी धरला आणि जिन्यावरून खाली फेकला. काच पार रस्त्यापर्यंत गेली.

"निघा! सगळे निघा! मले काही होत नाही!"

यज्ञेश्वर शिव्या देत त्याच्यावर धावला. अनिमेषनं त्याला कमरेला धरून मागे ओढलं, त्यात कोपर बरगडीत खाल्लं, आणि सोडलं नाही.

चौघं आणि गंधाली खाली उतरले. चौघांच्या हातात आपापला माऊस, पायाखाली काच. वरून सचिन अजून काहीतरी फोडत होता.

"पाचवा मुख्य स्पर्धेआधी शोधता येतो, नियमात बसते," गंधाली म्हणाली. "खेळायचं कुठं पण?"

"बीरगावले, आमच्या घरी. एक जुना कॉम्प्युटर आहे, बाकीचे पाहू," अनिमेष म्हणाला. बोलताना ओठ पुन्हा उघडला. "रिव्ह्यू आत्ता नको. उद्या सकाळी."

"तुझे वडील? ते तर भट्टीवर पाठवायचं म्हणतात."

"ते पण रिव्ह्यूले बसतील," तो म्हणाला आणि रक्त थुंकला. "मी पहिले माझ्या चुकीचा तुकडा लावतो."