मयुरीची बाटली

श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या रविवारी हेमलताच्या हातात मयुरीच्या रक्ताचा अहवाल आला आणि घरातली पूजा तशीच राहिली. फिनाइलअॅलनीनचा आकडा मागच्या वेळेपेक्षाही वर चढला होता. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटात काहीतरी जातंय, हेमलताताई. शोधा. तिच्या मेंदूचा प्रश्न आहे."

आठ वर्षांची मयुरी. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्तात तिचा पीकेयू, म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार सापडला, तेव्हापासून हेमलता आपल्या या पोरीचा घास मोजूनच भरवत आली होती. फिनाइलअॅलनीन हा प्रथिनांतला एक घटक मयुरीच्या शरीराला पुरता जिरवता येत नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदू खराब करतो. म्हणून डाळ नाही, दूध नाही, पोळी नाही. साबुदाणा दाण्याच्या कुटाशिवाय, भात तोलून, आणि प्रथिनांच्या जागी औषधी पावडर. साखर मात्र हवी तेवढी.

हेमलताची शंका सासूवरच गेली. झुंबरबाईंनी मागे एकदा म्हटलं होतं ना, वाटीभर वरणाने पोर मरत नाही म्हणून!

"आत्या, खरं सांगा. चोरून काय देता तिला?"

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळता मळता झुंबरबाईंचा हात थांबला. "कानबाईनी आन शे. मी तिले काय बी दिधं नही."

"शपथा नका घेऊ. रक्त खोटं बोलत नाही."

म्हातारीने पिठाचे हात धुतले, आणि ती देव्हाऱ्यासमोर सुनेकडे पाठ करून बसली ती बसलीच. रोट भाऊबंदांनीच खायचे आणि उरू द्यायचे नाहीत, हा घरचा नेम. मयुरीला तर त्यातला कणही चालत नाही. चुलीपाशी सगळं तसंच पडून राहिलं.

इतक्यात मयुरी पुढच्या खोलीतून नाचत आली. तिथे तिचे काका हितेंद्र यांची थंड पेयांची एजन्सी. मेहरूण भागातल्या सगळ्या दुकानांत माल त्यांचाच. तिच्या हातात काळी, गार बाटली होती.

"कुठून आणलीस गं?"

"काकांनी दिली. माझी रोजचीच, दुकानात पिते ती! आज सण म्हणून दोन."

हेमलताने बाटली हिसकावली. पुढे मोठ्या अक्षरांत 'शुगर-फ्री'. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत: गोडी आणणारे पदार्थ, आस्पार्टेम (९५१), एसिसल्फेम पोटॅशियम (९५०). लहान मुलांसाठी नाही. फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही.

ती तशीच दुकानात गेली. "भाऊजी! रोज हे पाजता तिला?"

हितेंद्र हसले. "वहिनी, घाबरू नका. पोरीला परहेज आहे ना, म्हणून साखरेचा थेंब नसलेलीच देतो. तुम्हीच सगळीकडे सांगता, हिचं रक्त तपासावं लागतं. शुगरच ना?"

"तिला शुगर नाही! साखर चालते तिला! साधं लिंबू-सरबत पाजलं असतं तर काहीच झालं नसतं. आस्पार्टेम पोटात गेलं की त्यातून तेच फिनाइलअॅलनीन सुटतं, जे मी घासाघासाला मोजते. एक बाटली म्हणजे तिच्या दिवसभराच्या वाट्यातला मोठा तुकडा, आणि तुम्ही रोज देत होतात!"

"पण मला काय ठाऊक? ते केवढं लांब नाव... वाटलं, कारखान्याचं काहीतरी असेल."

"तुम्ही विकता ना? रोज खोकीच्या खोकी उतरवता. एकदाही बाटली उलटी करून बघितली नाहीत?"

हितेंद्रांनी चिडून गल्ल्याजवळची सरबताची पुडी पुढे आपटली. "मग हीपण टाकून देऊ? हीपण शुगर-फ्रीच!"

हेमलताने पुडी उलटी केली. "यात सुक्रालोज आहे, आणि भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन. यातून तिच्या रक्तात फिनाइलअॅलनीन वाढणार नाही. तरी मुलांना देऊ नका, असं यावरही लिहिलंय. दुसऱ्या कंपनीच्या पुडीत आस्पार्टेम असू शकतं. पुढचं शुगर-फ्री वाचून काही कळत नाही, भाऊजी. मागचं वाचायचं!"

"वहिनी, प्रेमानेच दिलं हो..."

"तुमच्या प्रेमाने वर्गात तिचं लक्ष लागेना झालं! बाई म्हणाल्या, पोर भिंतीकडे बघत बसते. आणि मी घरात चोर शोधत बसले."

हितेंद्रांची मान खाली गेली. तिने बाटली मोरीत ओतली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं: आजपासून पूर्ण बंद, औषधी पावडर चुकवायची नाही, आठवड्याने पुन्हा रक्त पाठवा, आकडा खाली यायला हवा.

आत झुंबरबाई अजून पाठ करूनच बसल्या होत्या. हेमलता त्यांच्या पायाशी बसली. "आत्या, चुकलं माझं. हितेंद्रभाऊजींच्या बाटलीतून जात होतं."

"आयकं मी. भिताड काय जाड नही." म्हातारी वळली नाही. "तू माले इचारं नही, हेमा. आठ वरीस तुन्ही पोरले मी घास मोजीसन दिधा, आन् तू कानबाईसमोर माले चोर म्हने."

हेमलताने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"आते ऊठ. रोट थापाना शेत. अन् त्या हित्याले सांग, बठ्ठ्या बाटल्यास्नं मांघलं वाचीसन पोरले दूर ठेव." मग तशाच कडक आवाजात, "तिनं रगत खाली येऊ दे. मंग मी तुन्हासंगे बोलसू."

आठवड्याने आकडा खाली आला, पूर्ण नाही, पण आला. हेमलताने तो देव्हाऱ्याजवळ मोठ्याने वाचला. झुंबरबाई जप आटोपून उठल्या आणि मयुरीच्या ताटात भात तोलायला बसल्या. सुनेशी मात्र त्या दिवशीही बोलल्या नाहीत.