पाच छेद नऊ

परभणीच्या कॉलेजात एम.एस्सी. गणिताला शिकवायला मनिषा नव्यानं लागली, तासिका तत्त्वावर. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख रामहरी सर तिचा तास ऐकायला येऊन शेवटच्या बाकावर बसले.

आदल्या दिवशी तिनं शून्य ते एकमधले सगळे अपूर्णांक एका रांगेत उभे केले होते. एक छेद दोन, मग एक छेद तीन, दोन छेद तीन, मग छेद चारवाले, असे; दोन छेद चारसारखा आधी येऊन गेलेला पुन्हा घ्यायचा नाही. प्रत्येकाला पहिला, दुसरा, तिसरा असा नंबर मिळतो, कुणी सुटत नाही. म्हणजे अपूर्णांक मोजसंख्यांइतकेच.

आज तिला दाखवायचं होतं, की शून्य ते एकमधल्या सगळ्याच संख्या घेतल्या तर अशी रांग लागतच नाही.

"समजा कुणी लावलीच," ती म्हणाली. "पहिल्या संख्येचा पहिला दशांश अंक घ्या, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. तिथं पाच असेल तर आपण चार लिहायचा, दुसरं काहीही असेल तर पाच. जी संख्या तयार होईल ती पहिलीपेक्षा पहिल्या जागी वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या जागी. म्हणजे ती रांगेत कुठंच नाही. कशीही रांग लावा, कुणीतरी बाहेर राहणारच. म्हणून हे अनंत त्या अनंतापेक्षा मोठं."

झरी गावाहून येणारा योगीराज उभा राहिला. "मॅडम, हाच डाव कालच्या रांगेवर खेळला तर?"

"खेळ की."

त्यानं खडू घेतला. एक छेद दोनचा पहिला अंक पाच, त्याचा चार. एक छेद तीनचा दुसरा अंक तीन, त्याचा पाच. पुढं पाच, पाच, पाच. "शून्य दशांश चार पाच पाच पाच. हा तर एकेचाळीस छेद नव्वद झाला! अपूर्णांक हाय, अन् तुमच्या रांगेत न्हाई. मग कालचा तास चुकला का आजचा?"

वर्ग हसला. मनिषानं फळ्याकडं पाहिलं. सगळे पाचच.

"आत्ता सांगता येत नाही," ती म्हणाली. "उद्या सांगते."

रामहरी सर उठून गेले.

संध्याकाळी तिच्या गावी, ताडकळसला बस थांबली तेव्हा तिचा नवरा जीवन मोटरसायकल घेऊन आला होता. गाडीवर बसूनही तिच्या डोक्यात छेद फिरत होते. छेद सात झाले, छेद आठ झाले. शाळेमागच्या वळणावर ती ओरडली, "आवो, थांबवा गाडी!"

जीवननं करकचून ब्रेक दाबला. "काय पडलं?"

"पाच छेद नऊ!"

"कुठं?"

"रांगेत! त्याचे सगळेच अंक पाच असत्यात. त्याचा नंबर लागला की तिथं चारच लिहावा लागंल." ती हसायला लागली. तिला हसताना बघून जीवनलाही हसू आलं. "बरं झालं बाई," तो म्हणाला, "मला वाटलं पर्स पडली."

दुसऱ्या दिवशी तिनं उत्तर सांगितलं नाही. "योगीराज, पुढचे अंक काढ," एवढंच म्हणाली. सगळा वर्ग भागाकाराला लागला. छेद सातवाल्यांनी घाम काढला, पण तिथंही पाचच. छेद नऊवर योगीराजचा खडू थांबला.

"मॅडम, हितं चार यायलाय."

"मग एकेचाळीस छेद नव्वद?"

"ते न्हाई ऱ्हायलं." त्यानं डोकं खाजवलं. "पण पुढं दुसरेच काही अंक फिरून फिरून यायला लागले तर? तोबी अपूर्णांकच की."

"मग तो रांगेत कुठंतरी उभा असेल ना? त्याच्या नंबरवर आपण त्याचाच अंक बदललेला आहे."

योगीराजनं खडू एकेका नंबरावरून फिरवला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे ही संख्या अपूर्णांक असूच शकत न्हाई! म्हणून रांगेत न्हाई!"

"बरोबर. अपूर्णांकांच्या रांगेत अपूर्णांक नसलेली संख्या नाही, यात बिघडलं काय? पण काल मानलेली रांग सगळ्या संख्यांची होती. आपण बनवलेलीही संख्याच, तिला जागा मिळायला हवी होती."

"मिळाली न्हाई तर घाला की तिला सगळ्यांत पुढं," मागून राजेश्री म्हणाली.

"घाल. नवी रांग झाली. आता त्या रांगेवर डाव खेळ."

राजेश्रीनं कपाळाला हात लावला. "पुन्हा एक बाहेर!"

दारात रामहरी सर उभे होते. केव्हापासून, कुणालाच ठाऊक नव्हतं. तास संपल्यावर ते मनिषाला म्हणाले, "काल उत्तर द्यायची पाळी माझ्यावरही आली असती. मलाही सुचंना, म्हणून गुपचूप सटकलो." आणि मोकळेपणी हसले. "शनिवारचे तासही तुम्हीच घ्या."

दोघं चहाला निघाले. वर्ग रिकामा झाला होता, योगीराज मात्र फळ्यासमोरच होता.

"अरे, झरीची गाडी जाईल!"

"जाऊ द्या मॅडम," तो वळूनही न बघता म्हणाला. "पुढचा चार कुठं येतो बघायलोय."