आवाज न करणारा लॅपटॉप

वहिनींचा मेसेज आला तेव्हा धाकटे भावजी ऑफिसात कुणाच्या तरी बंद पडलेल्या प्रिंटरशी झटापट करत होते. मेसेज एका ओळीचा होता : "भावजी, एखादा चांगला लॅपटॉप सुचवा."

ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तेच सांभाळत, त्यामुळे नातेवाइकांत लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की चेंडू त्यांच्याच अंगणात. पण अशा प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? पाय न बघता चप्पल कशी सुचवायची? त्यांनी विचारलं, "बजेट किती? काम काय करणार? घरीच ठेवणार की सोबत न्यायचा?"

उत्तर आलं, "तुम्हाला योग्य वाटेल तो."

बहुतेक पुतण्यासाठी असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. कॉलेजातला मुलगा, गेम खेळणार. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला एक दणकट लॅपटॉप त्यांनी शोधलाही. पाठवणार, तोच बोट थबकलं. वहिनी स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत, आणि मुलासाठी मागायचं असतं तर सरळ तसं म्हणाल्या असत्या. रविवारी ते आईला भेटायच्या निमित्ताने दादाकडे गेले.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं वहिनीच करत. चहा झाल्यावर भावजींनी विषय काढला. "वहिनी, त्यावर नेमकं काय करायचंय?"

"वाचायचंय," वहिनी म्हणाल्या.

"वाचायला मोबाइल पुरतो की."

"मोठ्याने वाचायचंय." मग जरा संकोचून त्या उठल्या. "या, दाखवते."

आतल्या खोलीत त्यांनी कपड्यांचं कपाट उघडलं. टांगलेल्या कपड्यांच्या मधोमध एक स्टूल होतं, वर कोट आणि शाली, आणि एका हँगरला मोबाइल बांधलेला. शहरातल्या अंध विद्यार्थ्यांच्या वाचनालयासाठी त्या पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. दुपारी आईंचा डोळा लागला की इथे बसायचं. कपड्यांमुळे खोलीचा घुमारा जातो, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं.

"किती पुस्तकं झाली?"

"इतिहासाची सगळी झाली. आता भूगोल सुरू आहे. चूक झाली की मोबाइलवर तेवढाच तुकडा कापताना फार वेळ जातो. म्हणून म्हटलं, लॅपटॉप घ्यावा. शिकवणीचे माझे साठलेले पैसे आहेत, पण यात किती घालावेत ते कळत नाही. म्हणून बजेट लिहिलं नाही."

आपल्या आईचं सगळं करून वहिनी एवढं काम करत होत्या आणि भावजींना गंधवार्ता नव्हती. "आम्हाला का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही," त्या हसून म्हणाल्या.

आता गणित सुटत होतं. आवाज कापण्या-जोडण्याला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. पुरेशी मेमरी, झटपट चालणारी डिस्क आणि चांगला माइक जोडायला जागा असली की झालं. वजन हलकं हवं, कारण लॅपटॉप आईच्या पलंगापासून कपाटापर्यंत दिवसातून चारदा जाणार. आणि भावजींनी मेसेजमध्ये न विचारलेला प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा होता : त्याचा पंखा फिरला, तर घरघर थेट रेकॉर्डिंगमध्ये शिरणार. तो दणकट लॅपटॉप पाठवला असता तर कपाटात पिठाची गिरणी बसवल्यासारखं झालं असतं.

दुकानात वहिनींनी एकेका लॅपटॉपला कान लावायला सुरुवात केली. विक्रेता चक्रावला.

"बाई, काय बघताय?"

"ऐकतेय. पण तुमच्या दुकानात गोंगाट फार आहे. मागे शांत खोली आहे का?"

विक्रेत्याने मागच्या गोदामात चार लॅपटॉप मांडून दिले. भावजींनी प्रत्येकावर एक मोठा व्हिडिओ जोडायला टाकला, म्हणजे यंत्र तापेल. पहिले तीन थोड्या वेळात गुरगुरू लागले. चौथ्यात पंखाच नव्हता. अंग कोमट झालं, पण चकार शब्द नाही.

"जड काम फार वेळ केलंत तर हा मंदावेल," भावजी म्हणाले. "तुमच्या कामाला मात्र चिकार झाला. आणि वहिनी, हा महागातलाही नाही."

"मग उरलेल्या पैशांत माइक घेऊ," वहिनींनी क्षणात ठरवलं.

घरी आल्यावर आईच्या खोलीतच भावजींनी आवाज कापण्या-जोडण्याचा प्रोग्रॅम टाकून दिला आणि तुकडा कसा कापायचा ते एकदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवायची वेळच आली नाही. वहिनींनी इतिहासाचा एक जुना धडा उघडला, अडखळलेली दोन वाक्यं काढली आणि सलग ऐकून बघितलं. स्पष्ट, न घाई करणारा आवाज. समोरच्या मुलाला दिसत नाही हे ध्यानात ठेवून वाचलेला, नकाशा आला की थांबून त्याचं वर्णन करणारा. इतकी वर्षं "भावजी, जेवायला चला" एवढंच सांगणारा हाच तो आवाज, यावर भावजींचा विश्वास बसेना.

धडा किल्ल्याला पडलेल्या वेढ्याच्या ऐन मध्यावर संपला.

"पुढे काय झालं ग?" पलंगावरून आईने विचारलं. ती केव्हापासून जागी होती कुणास ठाऊक.

"पुढचा धडा लावते, सासूबाई," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप उचलून तिच्या उशाशी नेऊन ठेवला. भावजींनी आपली खुर्चीही तिकडेच ओढली.