खिडकीतलं मडकं

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत भांडणं होत नाहीत आणि त्याचा आपल्याला थोडा अभिमानही असतो. या घरातही होत नव्हती. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम तो अजून स्वतःच्या हातानं करायचा. बायको रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत वरिष्ठ तंत्रज्ञ. मुलगी शिकायला परगावी गेली आणि जेवणाच्या टेबलापाशी ही दोघंच उरली. मीठ पुढे सरकवायलासुद्धा शब्द लागत नव्हता. पूर्वी त्याला ती ‘जमलेला संसार’ म्हणायची. अलीकडे मात्र त्या शांततेत तिचा जीव गुदमरू लागला होता. नवऱ्यात दोष काढावा, तर तसा एकही सापडत नव्हता. तक्रारीला जागा नसणं हीच तिची तक्रार होती.

प्रयोगशाळेची दुसऱ्या शहरात शाखा निघाली, तेव्हा तिनं घरी न सांगता बदलीसाठी आपलं नाव दिलं. हुद्दा तोच, पगार तोच, यंत्रंही तीच. नवीन असणार होती ती फक्त एक भाड्याची खोली, जिथं तिच्या वाक्याचा शेवट कुणाला आधीपासून ठाऊक नसेल. महिनाअखेर पक्कं कळवायचं होतं.

त्याच सुमारास मोठी नणंद नव्या चष्म्यासाठी आली आणि जेवायला थांबली. आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका म्हणून राबलेली, आता निवृत्त आणि एकटी. जिभेला धार, पण हात मायेचा. तिनं भावाला विचारलं, आमची मंडळी रविवारी डोंगरावर जाणार आहेत, येतोस का? उत्तर बायकोनं दिलं, की यांचे गुडघे दुखतात. मग तिनं भावजयीला विचारलं, आणखी भात वाढू का? उत्तर भावानं दिलं, की ती दुसऱ्यांदा घेत नाही.

नणंदेनं चमचा खाली ठेवला. “तुम्ही नवरा-बायको आहात की एकमेकांचे वकील?”

तिघंही हसली. पण भांडी घासताना बायकोला राहवेना. तिनं नणंदेला बदलीचं सांगून टाकलं. नणंद रागावली नाही. ताट पुसत म्हणाली, “जायचं तर जा. तुला अडवणारी मी कोण? पण एक सांग. सध्या त्याला कशाची काळजी वाटते?”

“दुकानाची.”

“विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय, ताई? नेहमी तीच असते.”

“तुमच्याकडे माणूस आला, की मागच्या वर्षीच्या रक्तावरून यंदाचा रिपोर्ट देता का गं?”

बायकोनं पुढचं ताट तिच्या हातात दिलं.

“तुम्ही दोघं जुने रिपोर्ट वाचत बसला आहात,” नणंद म्हणाली. “तिकडची माणसं तुला ताजी वाटतील, कारण त्यांना तू प्रश्न विचारशील. जायच्या आधी इथंही विचारून बघ. उत्तर माहीत नसलेला प्रश्न मात्र हवा.”

तिला ते पटलं आणि दुसऱ्याच दिवशी तिनं घोटाळा केला. नवरा दुकानातून येऊन बूट काढतोय तोच तिनं समोर बसून विचारायला सुरुवात केली: तुम्हाला आयुष्यात काय करायचं राहून गेलं? सध्या सुखी आहात का? नवरा एका बुटावर थबकला. “अगं, कर खात्याची माणसं आल्यासारखं काय विचारतेस? काही झालंय का?” तो खरोखर घाबरला होता. ती “काही नाही” म्हणून आत गेली. मनाशी म्हणाली, झालं एवढं पुरे, आता होकार कळवून टाकू.

शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघराची खिडकी साफ करत होता. चौकटीच्या कोपऱ्यात सुपारीएवढं मातीचं मडकं चिकटलं होतं, वर बारीक गळा. दरवर्षी अशी माती तो सुरीनं खरवडून टाकत असे. सुरी टेकवणार इतक्यात गांधीलमाशीसारखी एक काळी-पिवळी माशी पायांत हिरवी अळी धरून आली आणि मडक्याच्या तोंडाशी खटपट करू लागली.

“थांबा,” ती म्हणाली. “अळी कशाला आणलीय हिनं?”

“मला काय माहीत? सायन्सवाली तू.”

नेहमीची ती असती, तर अंदाजानं काहीतरी ठणकावून सांगितलं असतं. ती म्हणाली, “मलाही माहीत नाही.”

त्यानं सुरी ठेवली आणि दुकानाच्या पिशवीतून भिंगांचे ओरखडे तपासायचं डोळ्याला लावायचं भिंग काढलं. आधी ते तिच्या हातात दिलं. माशी उडून गेल्यावर तिनं गळ्यातून आत पाहिलं. अळी मेलेली नव्हती. किंचित हलत होती, पण सरपटत नव्हती. त्यानं पाहिलं, तर त्याला छताला धाग्यानं लोंबणारा तांदळाच्या कणीएवढा दाणा दिसला. ते अंडं असावं, असं ती म्हणाली. त्यानं विचारलं, मग अळी अंड्याची राखण करते की काय? दोघांनी आपापला तर्क लढवला आणि चहा ओट्यावरच निवला. दुपारपर्यंत माशीनं आणखी अळ्या भरून तोंड मातीनं लिंपलं, तेव्हा कुठं दोघांच्या ध्यानात आलं: अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाची ती शिदोरी होती, नांगी मारून लुळी केलेली, ताजी राहावी म्हणून!

“इतकी वर्षं मी ही भरलेली घरं खरवडली,” तो म्हणाला. मग मडक्याकडेच पाहत, सहज बोलावं तसं बोलला, “ताईबरोबर डोंगरावर जायला मला आवडलं असतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू इतक्या खात्रीनं सांगितलंस, की मलाच वाटलं, आपले गुडघे दुखत असतील.”

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नव्हतं, ते खिडकीकडे तोंड करून उभं असताना निघालं. तिनं बदलीचं सांगितलं.

तो बराच वेळ भिंग पुसत राहिला. त्याला लागलं होतं, ते दिसत होतं. ‘जाऊ नकोस’ असं तो म्हणाला नाही. त्यानं विचारलं, “तिथं काय मिळेल असं वाटलं तुला?”

उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न. कित्येक वर्षांनी!

“असंच,” ती म्हणाली. “कुणीतरी असं विचारेल.”

तेव्हा त्यानंही सांगितलं, की दुकानातून येताना तो वळणावर उगीच थांबतो. घरी पोहोचलं की दिवस संपला असं वाटतं म्हणून. हे तिला नवीन होतं. काळजी दुकानाची नव्हतीच.

सोमवारी तिनं बदलीच्या यादीतून नाव काढून घेतलं. घर तेच राहिलं, कामं तीच. काही संध्याकाळी अजूनही गप्पच जातात. मात्र कुणी दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देऊ लागलं, की समोरचा म्हणतो, “वकीलसाहेब, अशिलाला बोलू द्या.” नणंदेबरोबर डोंगरही दोघांचा चढून झाला; गुडघे दुखले ते तिचे. येताना एका दगडावरची पिवळी बुरशी कसली, यावर वाद अजून चालू आहे.

आणि एके दिवशी दोघं कामावरून आली, तर मडक्याच्या कुशीला गोल भोक पडलेलं. आतलं उडून गेलं होतं. नेमका क्षण दोघांचाही हुकला. “आता पुढच्या मडक्याची वाट बघायची,” असं म्हणून त्यानं खिडकी पुसली, कोपरा तेवढा सोडून.

वाचकहो, माणूस जुना होत नाही, आपलं त्याच्याबद्दलचं ज्ञान जुनं होतं. घर बदलण्याआधी, माणूस बदलण्याआधी, दोघांनाही ठाऊक नसलेली एखादी लहानशी गोष्ट शोधा आणि तिच्याकडे शेजारी उभं राहून बघा. मग शेजारच्या माणसाला विचारा, आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.