टाकीला बांधलेला खांब

पाऊस पडत नव्हता आणि नीलमच्या फोनवर मात्र तो मोजला जात होता.

परभणीत शिक्षकांचं प्रशिक्षण चालू होतं. नीलम मागच्या बाकावर बसून मांडीवर फोन बघत होती. झरीच्या पुढे चार किलोमीटरवर तिचं गाव. तिथल्या घराच्या गच्चीवर तिनं स्वतः बनवलेलं हवामान केंद्र होतं. खांबाच्या टोकाला वाऱ्यानं फिरणाऱ्या तीन वाट्या आणि त्याच खांबाला आडव्या पट्टीवर पाऊस मोजायचं भांडं. आत सी-सॉसारखी दोन खणांची छोटी बादली. एक खण भरला की ती कलंडते आणि शून्य पूर्णांक दोन मिलिमीटरची नोंद होते. जिन्यात बसवलेला यंत्राचा डबा दर मिनिटाला सगळे आकडे मेमरी कार्डावर लिहायचा आणि फोनवरही पाठवायचा. वर्गातल्या पोरांपेक्षा नीलमलाच त्याचं वेड जास्त होतं.

वारा ताशी अडतीस किलोमीटर, मग सेहेचाळीस. इथवर ठीक होतं, वळवाचे दिवस होते. पण पाऊस सहा मिलिमीटर, सात, नऊ?

तिनं बाहेर येऊन सासऱ्यांना फोन लावला. सिद्धोधनमामा आयटीआयमधून निवृत्त झालेले वायरमन. खांब त्यांनीच उभा केला होता.

"मामा, पाऊस लागलाय का?"

"थेंब न्हाई. नुसता धुराळा उडायलाय."

आभाळातून थेंब नाही आणि बादली कलंडतेय, म्हणजे तिला खांबच हलवतोय. दोन्ही एकाच खांबाला लावायचा शहाणपणा तिचाच होता; भांडं वेगळ्या ओट्यावर ठेवायचं असतं हे तिनं वाचलं होतं आणि कंटाळा केला होता.

"खांब हलायलाय मामा."

"कसा हलंल? हजार लिटरच्या टाकीला पट्ट्या मारल्यात. हजार किलो वजन हाय ते."

मामांचा हिशोब बिनचूक होता. स्लॅबला भोक पाडलं की गळती लागते म्हणून गावात कुणी स्लॅबला ड्रिल लावू देत नाही, मामा तर मुळीच नाही. तीन बाजूंनी ताणाच्या तारा आणि स्लॅबमध्ये पक्के बोल्ट हवेत, असं नीलमनं दोनदा सांगितलं होतं. पण मामांनी टाकीवर थाप मारून विषय संपवला, आणि तिनंही मान डोलावली. त्या दिवशी टाकी काठोकाठ भरलेली होती.

"मामा, नळ कधी आला होता?"



"आठ दिस झाले," मामा हळू आवाजात म्हणाले. "टाकी कोरडी हाय, पोरी."

रिकामी टाकी म्हणजे पंचवीसेक किलोचं प्लास्टिक. वाऱ्यापुढं तिचा काय पाड? आणि वळवाचा वारा नेहमी शिवाराकडूनच यायचा, म्हणजे खांब पडणार तो शेजारच्या कस्तुराबाईंच्या पत्र्यावर. म्हातारी एकटी, दुपारभर खाटेवर पडून असायची.

"वर जाऊ नका मामा. माझी शपथ हाय. आधी कस्तुराबाईंना बाहेर काढा."

"ती वाऱ्याला भिऊन उठायची बाई न्हाई."

"कसंही करा, पण काढा."

फोन कटला. वारा अठ्ठावन्न, सदुसष्ट. पाऊस बावीस मिलिमीटर, सगळा खोटा. मग वारा शून्य. एक मिनिट, दोन मिनिटं, शून्यच. डबा चालू होता, वाट्या मात्र फिरत नव्हत्या. नीलमनं मामांना सात वेळा फोन लावला, एकदाही लागला नाही. तिनं स्कूटी काढली. पंचवीस किलोमीटर तिच्या डोळ्यांपुढून ती खाट हलली नाही, आणि आपण मान का डोलावली हे स्वतःला विचारत ती गाडी हाणत राहिली.

गल्लीत माणसं जमली होती. टाकी रस्त्यात आडवी पडली होती आणि कस्तुराबाईंच्या पत्र्यात खांब घुसला होता. नीलमनं दारातून आत पाहिलं. खाटेची नवार फाटून खांबाचं टोक जमिनीला टेकलं होतं. खाटेवर कुणी नव्हतं.

नीलमच्या घराच्या ओसरीवर मामा भिंतीला टेकून बसले होते, तोंडाचं पाणी पळालेलं. समोर कस्तुराबाई, कमरेवर घागर. त्यांनी अजून आपलं घर पाहिलंच नव्हतं. मामांनी त्यांना ओसरीवरून हलू दिलं नव्हतं.

"बघ गं नीलम," त्या तणतणल्या, "तुझा सासरा या वयात खोटं बोलायलाय. नळ आला, लवकर पळ म्हणला. मी झोपंतून उठून घागर घेऊन पळाले. कुठाय नळ? लय टवाळ झालंय हे माणूस."

मामांनी मान वर केली नाही.

नीलम आत गेली. माठात पिण्याचं पाणी होतं तेवढंच. नळ कधी येईल याचा पत्ता नव्हता. तिनं माठ उचलून आणला, कस्तुराबाईंच्या कमरेवरची घागर खाली घेतली आणि सगळं पाणी तिच्यात ओतलं.