वही सात, आवृत्ती दोन

आमच्या खोलीत काकांचा सगळ्यात जास्त राग कुणाला येत असेल तर तो मला. काका म्हणजे नात्याने कुणाचेच काका नव्हेत. चाळीस वर्षं दप्तर सांभाळून निवृत्त झालेला माणूस, कंत्राटावर परत बोलावलेला. नदीच्या पाणीपातळीच्या जुन्या अकरा वह्या होत्या, हाताने लिहिलेल्या, बाराशेच्या वर पानं, प्रत्येक पानावर एक तक्ता. ते सगळे तक्ते संगणकात आणून फूट-इंचाचे मीटर करून द्यायचे, एवढंच आम्हा चौघांचं काम. एवढंच म्हणजे दीड वर्षाचं.

पहिल्याच दिवशी काकांनी फळ्यावर फोल्डरांची नावं लिहिली. ०१ स्कॅन, ०२ टायपिंग, ०३ तपासणी, ०४ मीटर, ०५ सुपूर्द. मग फाइलीचं नाव: वही०७_पान०१२_आ०१_मिर. 'आ' म्हणजे आवृत्ती आणि 'मिर' म्हणजे मी. माझ्या जिभेवरून त्यांनी मला मिरची ठरवलं आणि त्याचीच खूण करून टाकली. बाराच्या आधी शून्य कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, शून्य नसेल तर संगणक पान दोनच्या आधी पान दहा आणि शंभर मांडून ठेवतो. नावात 'फायनल' लिहायचं नाही, 'नवीन' लिहायचं नाही, 'नवीन फायनल खरं' तर अजिबात नाही. लिहिलेल्या फाइलीवर पुन्हा सेव्ह करायचं नाही. एक आकडा बदलला तरी पुढची आवृत्ती करायची. आणि प्रत्येक फाइलीची ओळ यादीत: तारीख, नाव, कशावरून केली, का केली.

माझ्या डोक्यातच जायचं ते. एक टिंब दुरुस्त करायला दोन मिनिटं आणि त्याचं बारसं करायला पाच. मी काकांच्या तोंडावर म्हटलं होतं की तुम्ही फाइलींच्या पत्रिका मांडता. ते हसले आणि माझ्या चुकलेल्या नावात एक शून्य घालून गेले.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागली. मधे आमची एक टायपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर गेली, अचानक, तीन आठवडे आधीच. तिच्या जागी आलेल्या बाईंना काकांनी काहीच समजावलं नाही. दोन फोल्डर शेजारी शेजारी उघडून दाखवले. जे पान ०१ मध्ये आहे आणि ०२ मध्ये नाही, ते करायचं बाकी. बाई चहा यायच्या आत कामाला लागल्या. मी तेव्हाही कौतुक केलं नाही. माझा स्वभाव.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते तीन आठवडे घरी बसले. सातव्या वहीची तपासणी माझ्याकडे आली. काकांची पद्धत अशी की टाइप केलेला तक्ता साध्या मजकुरासारखा उघडायचा आणि स्कॅनशी ओळीओळीने ताडून बघायचा. डोळे शिणतात, खांदे भरून येतात. स्प्रेडशीटमध्ये उघडलं की रांगा कशा सरळ दिसतात. मी स्प्रेडशीटमध्ये उघडलं. चुका दिसल्या तिथे दुरुस्त केल्या, सेव्ह केलं, पुढे गेले. नाव तेवढं सवयीने नीट दिलं, आ०२_मिर. यादीतही ओळ घातली. काका नसताना कुणी बघत नव्हतं, पण हाताला वळण लागलं होतं. नऊ दिवसांत एक्केचाळीस पानं उरकली. मी स्वतःवरच खूश होते.

पुढच्या महिन्याच्या पहिल्याच मंगळवारी सकाळी, काका अजून घरीच असताना, पूररेषेचं काम करणारे इंजिनिअर आमच्या खोलीत आले. हातात आलेख होता. नदी चढत्या पाण्याला रोज इंचाइंचाने वर जाते, आणि मधेच एक दिवस आठ इंच खाली बसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा इंच वर. असं एकदा नाही, ठिकठिकाणी. त्यांनी शांतपणे सांगितलं की नदी असं करत नाही. गुरुवारी ऑडिटर बाई येणार आहेत. आमचे आकडे भरवशाचे नसतील तर अकराच्या अकरा वह्या दुसरीकडे नव्याने टाइप करायला देतील आणि ही खोली बंद होईल.

ते गेल्यावर आमच्या विभागप्रमुख मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तपासणी कुणाची, हे त्यांना माहीत होतं. मला दुपारपर्यंत वेळ द्या, असं मी म्हटलं.

मी वही सात, पान बारा उघडलं. स्कॅनवर नदीची पातळी लागोपाठ लिहिली होती: पाच फूट नऊ इंच, पाच फूट दहा, पाच फूट अकरा. वहीतल्या कारकुनाने ते मधे टिंब देऊन लिहिलं होतं, ५.९, ५.१०, ५.११. टायपिंगची आ०१ उघडली. तिथेही ५.९, ५.१०, ५.११. मग माझी आ०२ उघडली, या वेळी साध्या मजकुरासारखी. ५.९, ५.१, ५.११.

स्प्रेडशीटला ते फूट आणि इंच वाटलेच नव्हते. त्याला ती साधी दशांश संख्या वाटली, आणि शेवटच्या शून्याला काही किंमत नाही म्हणून त्याने ते पुसून टाकलं, आणि सरळ रांगांवरून भराभर जाताना मला ते दिसलंही नाही. पाच फूट दहा इंचांचे पाच फूट एक इंच झाले. मीटर करणाऱ्या प्रोग्रामने माझी शेवटची आवृत्ती उचलली आणि प्रामाणिकपणे तेवीस सेंटिमीटर पाणी गायब केलं. दहा इंच असलेल्या प्रत्येक दिवशी.

खरं सांगते, पहिला विचार आला तो चांगला नव्हता. आ०२ उडवून टाकायच्या, आ०१ वरून नव्या करायच्या, त्यांनाच आ०२ म्हणायचं, आणि प्रोग्राममध्ये गडबड होती असं सांगून हात वर करायचे. एक्केचाळीस फाइली, एक्केचाळीस ओळी. तासाभराचं काम. माझ्या पगारावर घरातले चार जण अवलंबून होते, त्यात सासूबाईंची औषधं. मी फाइली निवडूनही ठेवल्या. निळी पट्टी पडली होती पडद्यावर.

आधी यादीतल्या ओळी बघाव्या म्हणून यादी उघडली. माझ्या ओळी शोधताना वरच्या ओळी नजरेखालून गेल्या, काकांच्या. "वही०१_पान०३८_आ०२_काका. आ०१ वरून. कारण: माझ्याकडून एक ओळ सुटली." जरा खाली: "आ०३. कारण: आ०२ मध्ये मीच तारीख एक दिवस पुढे सरकवली." मी काकांची खूण टाकून शोधलं. चूक आपली आहे असं स्वच्छ लिहिलेल्या एकोणीस ओळी निघाल्या. ज्या माणसाला मी वर्षभर टोमणे मारले, तो एकोणीस वेळा चुकला होता, आणि एकदाही त्याने जुनी फाइल पुसली नव्हती. मला वाटायचं ही सगळी नावं आमच्यावर पाळत ठेवायला आहेत. ती तर परत येता यावं म्हणून होती.

मी निळी पट्टी काढली आणि मॅडमकडे गेले. चूक माझी आहे, एक्केचाळीस पानांचीच आहे, आणि कोणती ते मला माहीत आहे, असं सांगितलं. मॅडमनी एकच विचारलं, एक्केचाळीसच कशावरून. मी सांगितलं, आ०२ च्या पुढे 'मिर' फक्त तेवढ्यांवर आहे, बाकीची तपासणी काकांची आणि साध्या मजकुरात.

त्या दोन दिवसांत आम्ही चौघींनी मान वर केली नाही. चौघी म्हणजे काकांच्या जागी मॅडमही आमच्यात येऊन बसल्या. आ०१ आणि आ०२ शेजारी लावून फरक काढले. जे फरक मी यादीत लिहिलेल्या दुरुस्त्यांचे होते ते ठेवले, जे नुसते शून्य गेल्याचे होते ते परत आणले. नव्या फाइलींना आ०३ नाव दिलं. शेवटी प्रोग्राम पुन्हा चालवला, तोही फक्त त्या एक्केचाळीस पानांवर. इंजिनिअरनी नवा आलेख पाहिला आणि म्हणाले, आता नदी नदीसारखी वागते.

गुरुवारी ऑडिटर बाई आल्या. चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. त्यांनी शेवटच्या फोल्डरमधले दहा आकडे स्वतः निवडले आणि प्रत्येक आकडा उलट्या वाटेने स्कॅनपर्यंत नेऊन दाखवायला सांगितला. सातवा आकडा माझ्या पानातला निघाला. मीटरवरून आ०३, आ०३ वरून आ०१, आ०१ वरून वहीतलं शाईचं पान. मधे आ०२ होतीच. बाई तिथे थांबल्या.

"ही चुकीची आहे ना? मग ठेवलीत कशाला?"

"चूक कुठे झाली ते दिसावं म्हणून," मी म्हटलं. "माझीच आहे. यादीत लिहिलंय."

त्यांनी यादीतली ओळ वाचली. "कारण: मी स्प्रेडशीटमध्ये उघडली, शेवटचं शून्य गेलं." मग पेनाने खूण केली आणि आठवा आकडा मागितला. खोली राहिली.

संध्याकाळी मी थेट काकांच्या घरी गेले. त्यांच्या डोळ्यावरचा हिरवा पट्टा निघाला होता, पण वाचायला अजून बंदी होती. काकू त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होत्या. बाटल्यांवर काकांनी कागद चिकटवले होते, सकाळ १, सकाळ २, रात्र १. मला हसू आलं. मी सगळं सांगितलं, निळ्या पट्टीसकट. काका डोळे मिटून ऐकत होते.

"आ०२ आहेत ना जागेवर?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"मग झालं तर."

आभार मानायला म्हणून गेले होते. म्हटलं, "काका, तुमच्या त्या एकोणीस ओळी नसत्या तर आज मी खोटं बोलले असते."

त्यांनी एक डोळा उघडला, थेंबाने भरलेला. "वीस," म्हणाले. "एक राहिलीय लिहायची. रजेवर जाताना, स्प्रेडशीट का नाही वापरायचं हे तुला सांगितलंच नव्हतं मी. उद्या गेलीस की यादीत घाल. माझ्या नावाने."

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी मी ती ओळ घातली. शेवटी खूण टाकताना हात थांबला. मग मी लिहिलं, काका, आणि त्याच्यापुढे, मिर.